पौंड घसरला, तोटा कुठे गेला?

२३ जून २०१६ रोजी ब्रिटनच्या मतदारांनी युरोपीय संघातून बाहेर पडण्याचा कौल दिला आणि एका रात्रीत पौंड कोसळला. आपल्याकडे ३१ मार्च २०१६ ला एका पौंडाला सुमारे ९५ रुपये पडत होते, ३१ मार्च २०१७ ला सुमारे ८१. इंग्लंडमध्ये कारखाने असलेल्या भारतीय कंपन्यांना ही घसरण आपल्या हिशेबात कुठेतरी दाखवावी लागणारच होती. २००८ मध्ये जग्वार लँड रोव्हर विकत घेणारी टाटा मोटर्स त्यातली सगळ्यात ठळक. त्या कारखान्यांची वीटही हलली नव्हती, यंत्रं होती तिथेच होती, पण रुपयात मांडायला बसलं की तीच मालमत्ता जवळजवळ सातव्या हिश्शाने कमी भरत होती. हा कमी झालेला पैसा तोटा म्हणून नफा-तोटा पत्रकात दाखवायचा का? आणि नाही, तर मग कुठे?

शेअर बाजारात पैसे गुंतवणाऱ्या वाचकाने हे समजून घ्यायलाच हवं, असं मला वाटतं. कारण या प्रश्नाचं उत्तर वार्षिक अहवालात ज्या पानावर असतं, ते पान फारसं कुणी उघडत नाही.

एक उदाहरण घेऊ. कंपनी काल्पनिक आहे, दर त्या वर्षाचेच, पूर्णांकात. चाकणच्या एका कंपनीने ३१ मार्च २०१६ ला इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्री शहरात १ कोटी पौंड भांडवल घालून उपकंपनी उभी केली. ९५ च्या दराने हे झाले ९५ कोटी रुपये. चाकणच्या कंपनीच्या स्वतःच्या पुस्तकात 'उपकंपनीतील गुंतवणूक' म्हणून हा ९५ कोटींचा आकडा बसला. पुढच्या वर्षभरात कॉव्हेंट्रीने १० लाख पौंड नफा कमावला आणि लाभांश काही दिला नाही. ३१ मार्च २०१७ ला तिच्याकडे यंत्रं आणि इमारत मिळून ९० लाख पौंड, माल ३० लाख, येणी आणि बँकेतली शिल्लक मिळून ४० लाख, अशी एकूण १ कोटी ६० लाख पौंडांची मालमत्ता होती. देणी आणि कर्ज ५० लाख पौंड. म्हणजे निव्वळ मालमत्ता १ कोटी १० लाख पौंड. पौंडातला ताळेबंद चोख जुळतो.

कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १२९ प्रमाणे मूळ कंपनीला उपकंपन्यांसह एकत्रित हिशेब मांडावे लागतात, आणि ते रुपयात. मोठ्या आणि नोंदणीकृत कंपन्यांसाठी याचे नियम 'इंड एएस २१' या लेखामानकात आहेत. नियम मोजकेच आहेत. मालमत्ता आणि देणी वर्षअखेरच्या दराने, उत्पन्न आणि खर्च ज्या दिवशी झाले त्या दिवसाच्या दराने, म्हणजे व्यवहारात बहुतेक वेळा सरासरी दराने. भागभांडवल मात्र ते घातलं त्या दिवसाच्या दराने. शेवटच्या नियमाचं कारण सरळ आहे. चाकणच्या पुस्तकातली ९५ कोटींची गुंतवणूक आणि कॉव्हेंट्रीचं भागभांडवल हे एकाच पैशाचे दोन चेहरे आहेत. एकत्रित हिशेबात ते एकमेकांसमोर रद्द करायचे असतात, तेव्हा दोन्हीकडे ९५ कोटीच असायला हवेत.

आता रुपयात मांडू. मालमत्ता ८१ च्या दराने १२९.६ कोटी. देणी ४०.५ कोटी. निव्वळ मालमत्ता ८९.१ कोटी. दुसऱ्या बाजूला भागभांडवल ९५ कोटी आणि वर्षाचा नफा ८८ या सरासरी दराने ८.८ कोटी, एकूण १०३.८ कोटी. एका बाजूला ८९.१, दुसऱ्या बाजूला १०३.८. पौंडात जुळलेला ताळेबंद रुपयात १४.७ कोटींनी जुळत नाही.

या कामात नवा आलेला मुलगा हा फरक पाहून हमखास घाबरतो आणि बेरजा पुन्हा तपासत बसतो. काही जण तर सगळेच आकडे, भागभांडवलसुद्धा, ८१ ने गुणतात. मग ताळेबंद अगदी सुबक जुळतो, आणि तीच या कामातली सगळ्यात सर्रास दिसणारी चूक आहे. जो फरक दाखवायचा, तोच पुसला जातो. एकत्रीकरणाच्या कागदावर परदेशी उपकंपनीचा रुपयातला ताळेबंद एका पैशाच्याही फरकाशिवाय जुळत असेल आणि त्या वर्षात दर हलले असतील, तर समजावं की कुठेतरी गडबड आहे.

फरक बरोबर आहे की नाही, हे पाहण्याची एक पडताळणी आहे, आणि ती केल्याशिवाय कागदावर सही होऊ नये. वर्षाच्या सुरुवातीची निव्वळ मालमत्ता १ कोटी पौंड. त्यावर पौंडामागे १४ रुपये गेले, म्हणजे १४ कोटी. वर्षभरात आलेला नफा १० लाख पौंड. तो आपण ८८ ने धरला होता, वर्षअखेरीस त्याचं मोल ८१ ने उरलं, म्हणजे पौंडामागे ७ रुपये गेले, ७० लाख. चौदा कोटी आणि सत्तर लाख मिळून १४.७ कोटी. दोन वेगळ्या वाटांनी एकच आकडा आला. तो आला नाही, तर बहुधा लाभांश चुकीच्या दराने घेतलेला असतो, किंवा गेल्या वर्षीचा साठलेला नफा यंदा नव्या दराने पुन्हा गुणलेला असतो. तो ज्या त्या वर्षी ज्या दराने रुपयात आला, त्याच आकड्यावर कायम ठेवायचा असतो.

सरासरी दराबद्दलही थोडं सांगितलं पाहिजे. वर्षाची एकच सरासरी तेव्हाच चालते, जेव्हा दर फार उड्या मारत नाही आणि धंदा वर्षभर सारखा चालतो. २०१६-१७ हे वर्ष तसं नव्हतं. कॉव्हेंट्रीचा बहुतेक नफा जूनच्या कौलाआधीच्या तिमाहीत झाला असता, तर ८८ चा दर लावणं म्हणजे त्या नफ्यावर अन्याय झाला असता. अशा वर्षी महिन्या-महिन्याचे दर लावून बेरीज करावी लागते. काम वाढतं, पण खरा नफा तसाच निघतो.

आता मूळ प्रश्न. हे १४.७ कोटी जायचे कुठे?

नफा-तोटा पत्रकात नाही. त्या पत्रकाच्या खाली 'इतर सर्वसमावेशक उत्पन्न' नावाचा एक भाग असतो, हिशेबनीस त्याला ओसीआय म्हणतात. त्यातही दोन कप्पे आहेत. पुढे कधीच नफा-तोट्यात न येणाऱ्या बाबींचा एक, आणि पुढे नफा-तोट्यात येणाऱ्या बाबींचा दुसरा. आपले १४.७ कोटी या दुसऱ्या कप्प्यात उणे म्हणून दिसतात. तिथून ते ताळेबंदात भागधारकांच्या निधीत, 'फॉरिन करन्सी ट्रान्सलेशन रिझर्व्ह' या वेगळ्या खात्यात साठतात. बोलताना सगळे एफसीटीआर म्हणतात. पुढच्या वर्षी पौंड वर गेला तर हा उणे आकडा कमी होईल, कदाचित अधिकही होईल. उपकंपनीत बाहेरच्या कुणाचा २० टक्के हिस्सा असता, तर फरकातलाही २० टक्के भाग, म्हणजे २.९४ कोटी, त्या अल्पसंख्य भागधारकांच्या खाती गेला असता आणि आपल्या एफसीटीआरमध्ये ११.७६ कोटीच आले असते.

कॉव्हेंट्री उभी करण्याऐवजी चालती कंपनी विकत घेतली असती, तर तिच्या मालमत्तेपेक्षा जास्त मोजलेली किंमत गुडविल म्हणून आली असती. हे गुडविलही त्या परदेशी धंद्याची मालमत्ता मानलं जातं आणि दरवर्षी अखेरच्या दराने पुन्हा मांडावं लागतं. ते चाकणच्या पुस्तकात जुन्या रुपयांत गोठवून ठेवणं ही दुसरी सर्रास आढळणारी चूक.

नफा-तोट्यात का नाही, यामागे अनुभव आहे. अमेरिकेत १९७५ मध्ये 'एफएएस ८' नावाचं मानक आलं. त्याने परदेशी उपकंपन्यांचे असे फरक थेट नफ्यात घ्यायला लावले. परिणाम असा झाला की धंदा नीट चालला असला तरी डॉलर-मार्कच्या हालचालीवर तिमाहीचा नफा वरखाली व्हायला लागला. त्याविरुद्ध उद्योगांनी इतका आवाज उठवला की डिसेंबर १९८१ मध्ये 'एफएएस ५२' आणून तो नियम बदलावा लागला आणि असे फरक भागधारकांच्या निधीत वेगळे ठेवायची पद्धत रुळली. आंतरराष्ट्रीय मानकांनीही तीच वाट धरली, आणि आपलं इंड एएस २१ त्याच वाटेवरचं आहे. मला हा निर्णय योग्य वाटतो. गावाकडच्या जमिनीचा भाव यंदा उतरला म्हणून जमीन विकायचा विचारही नसलेलं कुटुंब आपली यंदाची कमाई घटली असं म्हणत नाही. कॉव्हेंट्रीचं तेच आहे. तिच्या पौंडांतून पगार पौंडात जातात, माल पौंडात येतो, तिने एक पौंडही चाकणला पाठवलेला नाही. १४.७ कोटी कुणी कुणाला दिलेले नाहीत.

पण हे सगळं एका निर्णयावर उभं आहे. कॉव्हेंट्रीचा धंदा खरोखर पौंडाचा आहे, असं आपण गृहीत धरलं. मानकात याला 'फंक्शनल करन्सी' म्हणतात, म्हणजे धंदा ज्या चलनात जगतो ते चलन. ते कंपनी कुठे नोंदवली यावरून ठरत नाही. मालाचे भाव कुठल्या चलनात आणि कुठल्या बाजारामुळे ठरतात, पगार आणि कच्चा माल कशात चुकवला जातो, पैसा कुठून उभा राहतो, आणि उपकंपनी स्वतःच्या जोरावर चालते की मूळ कंपनीचा लांब केलेला हात आहे, हे पाहावं लागतं. दुबईजवळच्या जेबेल अलीत एखादं ऑफिस उघडून फक्त चाकणचाच माल विकणारी, आलेले पैसे लगेच चाकणला धाडणारी कंपनी कागदावर दिरहमची असली, तरी तिचं फंक्शनल चलन रुपया ठरू शकतं.

तसं ठरलं की हिशेबाची पद्धतच बदलते. यंत्रं आणि माल घेतले त्या दिवसाच्या दरावर राहतात, फक्त रोख, येणी आणि देणी अखेरच्या दराने येतात, आणि जो फरक पडेल तो थेट नफा-तोट्यात जातो. आपल्या उदाहरणाला हीच पद्धत चुकून लावली तर काय होईल, पाहा. कॉव्हेंट्रीची येणी आणि बँक शिल्लक ४० लाख पौंड, देणी ५० लाख. वर्षभर देणी अशीच जास्त होती असं धरू. पौंड पडला की देणी रुपयात हलकी होतात, म्हणून ही पद्धत चक्क फायदा दाखवेल. त्याच कारखान्यावर, त्याच घसरणीत, एका पद्धतीने निधी १४.७ कोटींनी घटतो आणि दुसऱ्या पद्धतीने नफा वाढतो. म्हणून फंक्शनल चलनाचा निर्णय कागदोपत्री, कारणांसह लिहून ठेवलेला असावा लागतो, आणि धंद्याची परिस्थिती खरोखर बदलल्याशिवाय तो बदलता येत नाही. लेखापरीक्षकाने सगळ्यात आधी पाहायची फाइल तीच.

दुसरी निसरडी जागा म्हणजे मूळ कंपनीने उपकंपनीला दिलेलं कर्ज. समजा चाकणने कॉव्हेंट्रीला १० लाख पौंड उसने दिले. सुरुवातीला ते ९.५ कोटी रुपये होते, वर्षअखेर ८.१ कोटी. चाकणच्या स्वतःच्या हिशेबात हा १.४ कोटींचा तोटा नफा-तोट्यातच जातो. एकत्रित हिशेबात कर्ज आणि देणं एकमेकांत रद्द होतं, म्हणून बऱ्याच जणांना वाटतं की तोटाही रद्द झाला. तो होत नाही. रुपयावाल्याने पौंडात पैसे अडकवल्याची जोखीम खरी आहे, ती समूहाकडे राहतेच. मात्र हे कर्ज नजीकच्या काळात परत घ्यायचं ठरलेलंच नसेल आणि तसं होण्याची शक्यताही नसेल, तर ते भांडवलासारखंच मानून एकत्रित हिशेबापुरता हा तोटा ओसीआयमध्ये नेता येतो. मालाच्या विक्रीची येणी या सवलतीत बसत नाहीत.

इथे मोह होतो. पौंड पडल्यानंतर, हिशेब बंद करताना, एखाद्या कंपनीला अचानक आठवतं की हे कर्ज तर आपण कधीच परत मागणार नव्हतो. खरं-खोटं ओळखायचं कसं? कर्ज देतानाचा संचालक मंडळाचा ठराव काय म्हणतो, करारात हप्त्यांच्या तारखा आहेत का, आणि मुख्य म्हणजे त्या वर्षात एखादा हप्ता प्रत्यक्ष परत आला का, हे पाहावं. हप्ते येत असतील तर ते भांडवल नव्हे.

आणि आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, उपकंपनी विकली जाते तो दिवस. समजा १ एप्रिल २०१७ ला चाकणने कॉव्हेंट्री ९५ कोटी रुपयांना विकली. एकत्रित हिशेबात तिची निव्वळ मालमत्ता ८९.१ कोटी होती, म्हणजे ५.९ कोटींचा नफा झाला असं वाटेल. पण त्याच दिवशी एफसीटीआरमध्ये बसलेले उणे १४.७ कोटी बाहेर काढून नफा-तोट्यात आणावे लागतात. ५.९ मधून १४.७ गेले, ८.८ कोटींचा तोटा.

हा आकडा नीट पाहा. चाकणने ९५ कोटी घातले आणि ९५ कोटी परत मिळवले. रुपयात पाहिलं तर कमाई शून्य. आणि गेल्या वर्षी नफा-तोट्यात ८.८ कोटी नफा आधीच दाखवला होता. आता ८.८ कोटी तोटा आला. दोन्ही मिळून शून्य. हिशेब अखेर खऱ्या पैशाशी येऊन मिळाला. एफसीटीआरमधला आकडा नफा-तोट्याच्या दाराबाहेर वाट पाहत उभा असतो. गायब झालेला नसतो, टाळलेलाही नसतो. उपकंपनीवरचा ताबा जाईपर्यंत त्याला थांबवलेलं असतं.

ताबा जाणं म्हणजे काय, याबाबत नियम कडक आहे. १०० टक्क्यांचा हिस्सा ८० वर आणला, पण ताबा राहिला, तर एफसीटीआरचा त्या प्रमाणातला भाग अल्पसंख्य भागधारकांकडे वळतो, नफा-तोट्यात काही येत नाही. हिस्सा ४० वर आणून ताबा सोडला, तर मूळ कंपनीच्या वाट्याची एफसीटीआरची सगळी रक्कम एकदम येते, विकलेल्या ६० टक्क्यांपुरती नाही. उपकंपनीचं मूल्य घटलं म्हणून ते हिशेबात खाली आणणं ही विक्री धरली जात नाही, त्यामुळे तेव्हा एफसीटीआर जागचा हलत नाही.

एक पेच आणखी आहे. २०१६-१७ आणि त्यानंतर इंड एएसकडे वळताना कंपन्यांना एक मुभा होती. तोवर साठलेला एफसीटीआर शून्य धरून तो साठलेल्या नफ्यात मिसळायचा. ज्यांनी ही मुभा घेतली, त्यांच्या त्याआधीच्या चढउतारांचे फरक उपकंपनी विकली तरी नफा-तोट्यात पुन्हा कधीच येणार नाहीत. दोन कंपन्यांच्या एफसीटीआरची तुलना करण्याआधी अहवालातली ही टीप शोधावी. नाहीतर एकीचा वीस वर्षांचा आकडा आणि दुसरीचा पाच वर्षांचा आकडा शेजारी ठेवून आपण चुकीचा निष्कर्ष काढू.

तेव्हा वाचकांना एक विनंती. ज्या कंपनीत तुमचे पैसे आहेत आणि जिचा धंदा परदेशात आहे, तिच्या वार्षिक अहवालात एकत्रित हिशेबातलं 'स्टेटमेंट ऑफ चेंजेस इन इक्विटी' हे पान उघडा आणि परदेशी उपकंपन्यांच्या विनिमय फरकाचा रकाना शोधा. वर्षाची हालचाल आणि साठलेली शिल्लक, दोन्ही तिथे असतात. त्या वर्षी संबंधित चलन पडलं असेल आणि रकान्यात वाढ दिसत असेल, तर टिपा वाचा, कारण सापडलं नाही तर भागधारकांच्या सभेत विचारा. आणि कंपनी एखादी परदेशी उपकंपनी चांगल्या नफ्याने विकणार अशी बातमी आली, तर तो नफा खरा मानण्याआधी त्या रकान्यातली शिल्लक उणे किती आहे, हे आधी बघून घ्या.